बडतर्फी रद्द झाली, पण मधल्या वर्षांच्या कमाईचा हिशेब कसा द्यायचा?

लेबर कोर्टात नवखा कामगार उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते: मला काढलं ते चुकीचं होतं. चौकशी धड झाली नाही, नोटीस दिली नाही, साक्षीदार कंपनीचेच होते. हे सगळं तो घडाघडा सांगतो. मग कंपनीचा वकील उठतो आणि शांतपणे विचारतो, "इतकी वर्षं तुम्ही खाल्लं काय?" तिथे त्याची बोबडी वळते. या एका प्रश्नावर कित्येक लाख रुपये अवलंबून असतात आणि त्याची तयारी बहुतेकांनी केलेली नसते. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातला कामगार तर जवळजवळ नेहमीच थोडीफार शेती असलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी काय मागायचं ते नीट मागा

बडतर्फी बेकायदेशीर ठरली की तीन गोष्टी मिळू शकतात आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत. पहिली म्हणजे कामावर परत घेणं, कोर्टाच्या भाषेत पुनर्स्थापना. दुसरी म्हणजे सेवेत सातत्य, म्हणजे मधली वर्षं तुम्ही नोकरीतच होतात असं धरणं. ग्रॅच्युइटी, ज्येष्ठता, वेतनवाढ हे सगळं त्यावर चालतं. तिसरी म्हणजे मागील वेतन, ज्याला सगळेच बॅक वेजेस म्हणतात. क्लेममध्ये, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या मागणीच्या कागदात, शेवटच्या परिच्छेदात या तिन्ही मागण्या स्पष्ट लिहिलेल्या हव्यात आणि निकाल हातात आला की त्यात त्या तिन्हींबद्दल काय म्हटलंय ते पहिल्याच दिवशी वाचा. निकालात नुसतं "कामावर घ्यावे" असेल आणि मागील वेतनाबद्दल अवाक्षर नसेल, तर नंतर वसुलीच्या अर्जात ते घुसवता येत नाही. वसुलीचं कोर्ट मिळालेल्या हक्काची फक्त बेरीज करतं, नवा हक्क देत नाही.

कुठे जायचं हे थोडक्यात सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आधी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे समेटाचा अर्ज करायचा, ४५ दिवसांत काही निघालं नाही तर थेट लेबर कोर्टात जायचं, आणि हे सगळं बडतर्फीपासून तीन वर्षांच्या आत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालची तक्रार मात्र ९० दिवसांत करायची असते; उशीर माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात लेबर कोर्टाच्या जागी न्यायाधिकरण आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून बडतर्फीचं पत्र मिळाल्यावर वर्षभर "बघू, साहेब परत बोलावतील" म्हणत बसू नका. तुमच्या तारखेला कोणता कायदा लागतो हे युनियनच्या माणसाकडून किंवा वकिलाकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. मधल्या कमाईचे नियम सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून आलेले आहेत. ते कायद्याचं नाव बदललं म्हणून पुसले जात नाहीत.

सिद्ध कोणी करायचं?

"मी बेकार होतो" हे सिद्ध कसं करणार? बेकारीची पावती कुणी देत नाही. कोर्टांनाही हे ठाऊक आहे, आणि तरीही या मुद्द्यावर निकाल बरीच वर्षं इकडून तिकडे हेलकावत राहिले.

१९७८ साली हिंदुस्तान टिन वर्क्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बडतर्फी बेकायदेशीर असेल तर पूर्ण मागील वेतन हाच सर्वसाधारण नियम. २००० नंतरच्या काही निकालांत सूर बदलला. मागील वेतन आपोआप मिळत नाही, कामगाराने आधी आपण बेकार होतो हे दाखवावं, असं म्हटलं जाऊ लागलं. २०१३ मध्ये दीपाली सुरवसे यांचं प्रकरण आलं. ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेचं आहे आणि आज लेबर कोर्टात सगळ्यात जास्त वाचला जाणारा निकाल बहुधा तोच. त्यात सांगितलेला क्रम असा: कामगाराने आपल्या कागदात, निदान कोर्टासमोर तरी, एवढं म्हणायचं की मला दुसरीकडे नोकरी नव्हती किंवा होती ती कमी पगाराची होती. त्याने हे म्हटलं की ओझं मालकाकडे जातं. कामगार दुसरीकडे कमावत होता आणि पूर्वीइतकंच कमावत होता, हे मालकाने लेखी म्हणायचं आणि पुराव्याने दाखवायचं. खटला रेंगाळला म्हणून कामगाराचं वेतन कापू नये, असंही त्याच निकालात आहे.

इथे "एवढं म्हणायचं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कित्येक क्लेममध्ये हे एक वाक्यच नसतं. बडतर्फी कशी चूक यावर दहा पानं, आणि मधल्या काळाबद्दल शून्य ओळी. मग मालकावर ओझं जातच नाही आणि निम्मी लढाई तिथेच हरते. २०२१ च्या नॅशनल गांधी म्युझियमच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा आठवण करून दिली की आपण कुठे काम करत होतो ही गोष्ट कामगाराच्या स्वतःच्या माहितीतली आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करायची.

तेव्हा क्लेममध्ये एक परिच्छेद, आणि नंतर सरतपासणीच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात तोच परिच्छेद तपशिलासह. दोन्हीकडे एकच गोष्ट असायला हवी. क्लेममध्ये "पूर्ण बेकार" आणि प्रतिज्ञापत्रात "मध्ये काही दिवस काम केले" असं आलं की उलटतपासणीला आयतं खाद्य मिळतं.

महिन्यांची वही

बडतर्फ झालेल्या प्रत्येकाला मी हेच पहिलं काम सांगतो, आणि फार थोडे जण करतात. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक महिन्याला एक पान. त्या पानावर चार गोष्टी: कामासाठी कुठे कुठे गेलो, कुठे काम मिळालं, त्यातून हातात काय आलं, आणि घर कशावर चाललं. शेवटची गोष्ट लोकांना अनावश्यक वाटते, पण "खाल्लं काय" या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच असतं. बायकोचं मजुरीचं काम, भावाने दिलेले पैसे, पतसंस्थेचं कर्ज, मोडलेला दागिना, किराणा दुकानदाराची उधारी. कर्जाची आणि सोनं गहाण ठेवल्याची पावती त्या पानाला टाचून ठेवा. बेकारीचा याहून चांगला कागद मिळणं अवघड आहे. काम मागायला गेलात तिथे अर्ज दिला असेल तर त्याची पोच, नसेल तर निदान तारीख आणि ठिकाण.

वही चार वर्षांनी आठवून लिहिली तर ती वाचताना लगेच कळतं. सगळ्या पानांवर एकच पेन, एकच हस्ताक्षर आणि गोल गोल आकडे. महिन्याच्या महिन्याला लिहा.

कोणती कमाई मोजली जाते?

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे दुसऱ्या कंपनीतली नोकरी. पगार पूर्वीइतका किंवा जास्त असेल तर त्या काळाचं मागील वेतन मागण्यात अर्थ नाही. कमी असेल तर फरक मागता येतो, आणि म्हणूनच "कमी पगाराची नोकरी होती" हे म्हणायला लाजायचं कारण नाही. ही नोकरी लपवण्याचा मोह मात्र सोडा. नव्या कंपनीने पीएफ भरला असेल तर तो तुमच्या त्याच यूएएनवर दिसतो. ईएसआयचंही तसंच. जुन्या कंपनीचा वकील कोर्टाकडून पीएफ कार्यालयाला पत्र काढून ते मागवतो आणि उलटतपासणीच्या दिवशी तुमच्यासमोर ठेवतो.

दुसरा प्रकार हातावरच्या कामाचा. चार दिवस हमाली, लग्नाच्या हंगामात मंडपाचं काम, केळीच्या गाड्या भरणं. याची नोंद वहीत ठेवा आणि प्रतिज्ञापत्रात एका वाक्यात सांगून टाका. जगण्यासाठी केलेली अशी तुरळक कामं म्हणजे पर्यायी नोकरी नव्हे, असं कोर्ट बहुतेक वेळा मानतं. १९८४ चा एक दिल्लीचा निकाल या बाबतीत वकील हमखास दाखवतात. त्यातला माणूस बडतर्फीनंतर सासऱ्याच्या घरी राहिला आणि त्यांच्या कोळशाच्या वखारीत मदत करू लागला. मालकाने म्हटलं, झाला की हा कमावता. सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. नातेवाइकाच्या आसऱ्याने दिवस काढणं ही काही नोकरी नव्हे, असं म्हणत त्याला मागील वेतन दिलं. आपल्याकडे भावाच्या पानटपरीवर किंवा मेहुण्याच्या किराणा दुकानात बसणारे कितीतरी आहेत. त्यांनी हे लपवण्यापेक्षा, किती वेळ बसत होतो आणि त्या बदल्यात काय मिळत होतं, ते सांगावं.

तिसरा प्रकार आपल्या भागातला खरा: शेती.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकतो. "शेती म्हणजे नोकरी थोडीच, ती मोजत नाहीत" असं चावडीवर हमखास ऐकू येतं. २००७ साली ईशान्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नेमकं उलट म्हटलं आहे. कमाई नोकरीतून आली की स्वतःच्या धंद्यातून, शेतीतून, यात फक्त उगम वेगळा. शेतीचं उत्पन्नही विचारात घेऊन मागील वेतन नाकारता येतं. तेव्हा सातबारा नावावर आहे आणि क्लेममध्ये "उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही" असं छापील वाक्य आहे, ही जोडी धोक्याची आहे.

मग करायचं काय? शेतीचे दोन भाग पाडायचे. जी शेती नोकरीत असतानाही होती आणि तेव्हाही घरचे लोक किंवा सालदार ती करत होते, तिचं उत्पन्न नोकरी गेल्याने आलेलं नाही. नोकरी राहिली असती तरी ते आलंच असतं. पगाराची जागा त्याने घेतली असं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद वकिलाने करायला हवा, आणि त्यासाठी बडतर्फीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे सातबारे लागतात. पीक तेच आणि क्षेत्रही तेच दिसलं तर मुद्दा बळकट होतो. नोकरी गेल्यावर नव्याने केलेली शेती, म्हणजे बटाईने घेतलेली दोन एकर, किंवा कपाशी काढून लावलेली केळी, हा दुसरा भाग. ही मात्र मधली कमाई धरली जाऊ शकते. तिचा खर्च वजा जाता उरलेला आकडा तुम्हीच आधी सांगा. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडं यांच्या पावत्या असतील तर उत्तम. ते तुम्ही सांगितलं नाही, तर समोरचा कापूस विक्रीच्या रकमेलाच नफा म्हणून दाखवतो.

२०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे सातबाऱ्यावर पिकाची नोंद मोबाइलवरून होते. शेतकऱ्याने स्वतः फोटो काढून चढवलेली नोंद असते ती. "शेती पडीक आहे" असं शपथेवर सांगून झाल्यावर त्याच गटातल्या कपाशीची स्वतः केलेली नोंद समोर आली, तर त्यातून बाहेर येणं कठीण.

उलटतपासणीत हे असं येतं

प्रश्न साधे असतात, आवाजही गोड असतो.

"तुमच्या कुटुंबाकडे शेती आहे?"
"हो."
"किती?"
"तीन एकर."
"कोणाच्या नावावर?"
"वडिलांच्या."
"कोण कसतं?"

इथे माणूस चाचरतो. "मी" म्हटलं तर कमाई, "वडील" म्हटलं तर त्यांचं वय पंचाहत्तर. एका कामगाराने या प्रश्नावर वैतागून सरळ अहिराणीत उत्तर दिलं होतं, "पोट ते भरनंच पडी ना, भाऊ." न्यायाधीश हसले, पण टंकलेखकाने लिहिलं ते "मी शेती करून उदरनिर्वाह करतो" असं. निकालात तेच वाक्य उद्धृत झालं. म्हणून उत्तर आधी ठरलेलं आणि खरं असावं: शेती पूर्वीपासूनची आहे, मी नोकरीत असतानाही वडील आणि भाऊ करत होते, बडतर्फीनंतर मीही मदतीला जातो, वेगळा मोबदला मिळत नाही. एवढं प्रतिज्ञापत्रात आधीच असेल तर उलटतपासणीत नवीन काही निघतच नाही. साक्ष झाल्यावर सही करण्याआधी टाइप झालेलं वाचा. शब्द बदललेला दिसला तर तिथल्या तिथे सांगा.

एक हिशेब करून पाहू

समजा, जळगावच्या एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यातला एक मशीन ऑपरेटर. शेवटचा पगार १६,००० रुपये. १ जुलै २०२१ ला बडतर्फ, निकाल ३० जून २०२५ ला. म्हणजे ४८ महिने. वेतनवाढ बाजूला ठेवली तर पूर्ण मागील वेतन ७,६८,००० रुपये.

मधला काळ असा गेला. पहिले सहा महिने काहीच नाही. २०२२ चं वर्ष मेहुण्याच्या दुकानात बसला. जेवण आणि मुलांच्या फीपुरती मदत. २०२३ चे बारा महिने डाळ मिलमध्ये ९,००० रुपयांवर काम, पीएफ भरलेला. जानेवारी २०२४ पासून निकालापर्यंतचे अठरा महिने नोकरी नाही. घरची तीन एकर पूर्वीपासूनची आहेच, शिवाय २०२४ च्या खरिपात दोन एकर बटाईने घेऊन कपाशी केली, त्यातून खर्च जाता ४५,००० रुपये उरले.

काटेकोर वजाबाकी केली तर डाळ मिलचे १,०८,००० आणि बटाईचे ४५,००० कमी होतात. उरतात ६,१५,००० रुपये. दुकानातल्या मदतीचं काही वजा होत नाही, घरच्या तीन एकराचंही नाही. प्रतिज्ञापत्रात हाच तक्ता मांडावा आणि हीच रक्कम मागावी.

कोर्ट असा तक्ता नेहमी ओळीने तपासतं असं समजू नका. बऱ्याचदा सगळी परिस्थिती पाहून टक्केवारी ठरवली जाते: ७५, ५०, कधी २५. नोकरी किती वर्षांची होती, आरोप काय होता, बडतर्फी मुळातच खोटी होती की चौकशीत तांत्रिक दोष होता, मालकाची ऐपत काय, हे सगळं त्यात येतं. एसटी महामंडळाच्या एका चालकाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७५ टक्के मागील वेतन दिलं. आपल्या ऑपरेटरला ७५ टक्के मिळाले तर ५,७६,००० होतात, म्हणजे वजाबाकीच्या आकड्याच्या जवळपासच. ५० टक्के झाले तर ३,८४,०००.

आता समजा त्याने डाळ मिलची नोकरी लपवली आणि पूर्ण ७,६८,००० मागितले. कंपनीने पीएफचा उतारा आणला. एका वर्षाचे १,०८,००० वाचवायला गेला आणि उरलेल्या तीन वर्षांबद्दलचं त्याचं म्हणणंही कोर्टाला खरं वाटेनासं झालं. २५ टक्क्यांवर निकाल लागला तर हातात १,९२,००० येतील, आणि काहीच मिळालं नाही तरी नवल नाही. शपथेवर खोटं बोलल्याची वेगळी कारवाई होऊ शकते ती निराळीच.

हिशेबातली आणखी एक बाजू लोक विसरतात. वरचा रकाना, म्हणजे मिळायला हवं होतं ते, सहसा कमी धरला जातो. तुमच्याबरोबरच्या ऑपरेटरला त्या चार वर्षांत जी वेतनवाढ मिळाली, करार झाला असेल तर त्यातली वाढ, किमान वेतनावर असाल तर दर जानेवारी आणि जुलैला बदलणारा विशेष भत्ता, हे सगळं मागता येतं. जुन्या सहकाऱ्याची पगाराची स्लिप मिळवा; सहकारी घाबरत असेल तर कोर्टामार्फत कंपनीकडून वेतनपत्रक मागवा. उलट दिशेने, काढताना नोटीस पगार किंवा छाटणीची भरपाई घेतली असेल तर ती वजा होते.

रोजंदारीवरच्या किंवा थोडेच महिने काम केलेल्या माणसाला हा सगळा हिशेब लागू होईलच असं नाही. वर्षात २४० दिवस काम भरलं, छाटणीची भरपाई न देता काढलं, एवढाच दोष असेल, तर अलीकडे कोर्टं पुनर्स्थापनेऐवजी ठोक रक्कम देऊन प्रकरण मिटवतात. तशा प्रकरणात ठोक रकमेची पर्यायी मागणीही लिहून ठेवलेली बरी.

कंपनीने मध्येच "या कामावर" म्हटलं तर

खटला चालू असताना कंपनी कधी कधी पत्र पाठवते: उद्यापासून हजर व्हा. यामागे अनेकदा मागील वेतनाचं मीटर थांबवण्याचा विचार असतो. पत्राकडे दुर्लक्ष केलंत तर त्या तारखेपासून पुढचं वेतन जाण्याची शक्यता मोठी. हजर व्हा, पण लेखी कळवून: खटल्यातले माझे हक्क राखून, मागील वेतन आणि सातत्याची मागणी कायम ठेवून मी हजर होत आहे. गेटवर आत घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने तसं पत्र पाठवा आणि पावती जपा. निकालानंतरही हाच रिवाज. निकालाची प्रत मिळाली की हजर रिपोर्ट लेखी द्या. त्या दिवसापासून मिळणारा पैसा मागील वेतन राहत नाही, तो सरळ पगार होतो, आणि त्यावर टक्केवारीची कात्री चालत नाही.

कंपनी वर गेली तर

लेबर कोर्टाच्या निकालाविरुद्ध कंपनी बहुतेक वेळा वर जाते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी हायकोर्ट म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. पुनर्स्थापनेच्या निकालाला तिथे आव्हान दिलं असेल, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब प्रमाणे खटला चालू असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार दरमहा मागता येतो. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. अट एकच: त्या काळात आपण कुठल्याही आस्थापनेत नोकरीला नव्हतो असं प्रतिज्ञापत्र. मधल्या काळात पुरेशा पगाराची नोकरी होती हे कंपनीने दाखवलं तर तेवढ्या काळाचे पैसे मिळत नाहीत.

या अर्जाची एक चांगली बाजू आहे. देना बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे पैसे म्हणजे जगण्यापुरता भत्ता असल्याचं म्हटलं. कंपनी पुढे जिंकली तरी ते परत करावे लागत नाहीत. हा अर्ज आपोआप होत नाही. वकिलाला आठवण करून द्या, नाहीतर हायकोर्टात चार-पाच वर्षं निघून जातात आणि कोणी मागितलंच नाही म्हणून कोणी दिलेलं नसतं. इथला "शेवटचा पगार" म्हणजे बडतर्फीच्या वेळचा. वेतनवाढ यात येत नाही. आपल्या ऑपरेटरला महिना १६,०००च मिळतील. आणि नोकरी लागली तर ती लागल्याच्या महिन्यातच वकिलाला सांगा.

पैसे हातात पडताना

कंपनी देत नसेल तर वसुलीचे दोन मार्ग आहेत. रक्कम निकालातच ठरलेली असेल तर कामगार आयुक्तालयाकडे वसुली दाखल्याचा अर्ज. तो दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. १९४७ च्या कायद्यात यासाठी एक वर्षाची मुदत आहे, सबळ कारण असेल तर पुढेही घेतात. रक्कम ठरलेली नसेल, नुसतं "५० टक्के मागील वेतन" असं असेल, तर आधी कोर्टाकडून आकडा ठरवून घ्यावा लागतो. तिथे तो महिन्यांचा तक्ता पुन्हा उपयोगी पडतो.

मिळालेला पैसा पगारच आहे, त्यामुळे त्यावर पीएफ कापला जायला हवा आणि कंपनीचा हिस्साही भरला जायला हवा. तडजोड करताना कंपनी हे टाळण्यासाठी सगळ्या रकमेला "सानुग्रह" म्हणून दाखवायला बघते. चार वर्षांचा पीएफ आणि पेन्शनमधली ती वर्षं त्यात जातात, म्हणून तडजोडीच्या कागदात पगाराची रक्कम वेगळी लिहून घ्या. आयकराचंही आधीच बघा. सगळी रक्कम एकाच वर्षात आल्याने कर एकदम चढतो. ती ज्या त्या वर्षांची थकबाकी म्हणून दाखवून सवलत मागता येते. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८९ खाली होती आणि रिटर्न भरण्याआधी पोर्टलवर 10E हा फॉर्म भरावा लागत असे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा चेक वटण्याआधीच सीएला गाठा. कंपनीकडून वर्षवार विभागणीचं पत्रही त्याच वेळी मागा. एकदा हिशेब मिटला की ते पत्र द्यायला कुणी उत्सुक नसतं.